पगाराची रंगीत तालीम

डबा घरचाच. चहा एकदाच, दुसरा कुणी पाजला तर. ठाकुर्ली स्टेशनवरून रिक्षा नाही, चालत. पगार आला की त्याच दिवशी निम्मा दुसऱ्या खात्यात.

विनीतला आम्ही मित्र कंजूस म्हणायचो. तो तालीम करत होता, हे मार्चमध्ये कळलं.

ठाण्यात एका मोठ्या कंपनीत त्याची आठ वर्षांची नोकरी. कॉलेजचा मित्र रत्नदीप याने कोपरीत दोन खोल्यांत नवी कंपनी काढलेली, छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. तो विनीतला निम्म्या पगारावर बोलवत होता. वर थोडे शेअर, तेही वर्षभर टिकला तर. विनीत सहा महिने त्या निम्म्या पगारात राहून पाहत होता. घराचा हप्ता धरून.

एका रविवारी त्याच्याबरोबर मीही कोपरीला गेलो.

"बँकेत पैसे किती महिन्यांचे आहेत?" विनीतने विचारलं.

"अकरा," रत्नदीप म्हणाला. "त्याआधी पुढचे गुंतवणूकदार मिळवायचे."

"नाही मिळाले तर?"

"तर दोघं मिळून नोकरी शोधू. शुक्रवारपर्यंत सांग."

ती नोकरीही मिळाली नाही तरी, आधीची धरून विनीतची बचत दहा महिने पुरणार होती. जायचं ठरलं. घरी जेवताना त्याने सांगितलं. त्याच्या आईने, मालनकाकूंनी, भाजी वाढत विचारलं, "माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला ते तुझ्या ऑफिसचं कार्ड चालेल ना रे?"

विनीतचा हात ताटातच थांबला. काकूंचा आरोग्य विमा ऑफिसचा. नोकरी सुटली की तोही सुटणार. सहा महिन्यांच्या तालमीत हे आलंच नव्हतं, कारण कार्ड तर खिशात होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याच विमा कंपनीकडे काकूंसाठी वेगळी पॉलिसी मागितली. वय आणि मधुमेह बघून त्यांनी नकार दिला; दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी घेतली तर गुडघ्यांच्या ऑपरेशनला दोन-तीन वर्षं थांबावं लागणार होतं. मग एकच वाट उरली: राजीनाम्यानंतरच्या नोटिशीचे दोन महिने संपायच्या आत ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा. तीन महिने तरी लागतील.

"स्वतःच्या पैशांनी करू," विनीत म्हणाला.

"मग उरतील किती महिने?" मी विचारलं.

"चार."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तू जा रे. मी काठी घेईन."

"काठी बजेटमध्ये नव्हती, आई."

शुक्रवारी त्याने रत्नदीपला फोन करून विचारलं, "आईचं ऑपरेशन होईपर्यंत चार महिने थांबशील?" रत्नदीप म्हणाला, "थांबता येत नाही रे. दुसरा माणूस सोमवारी येतोय."

विनीतने "बरं" म्हणून फोन ठेवला. एवढंच. इतक्या तयारीनंतर तो एवढ्यावर थांबला, हे मला अजून खरं वाटत नाही.

काकूंची साखर आता उतरते आहे. दुसऱ्या खात्यात निम्मा पगार अजूनही जातो. काल त्याच्या लॅपटॉपवर राजीनाम्याचा मसुदा उघडा दिसला. शेवटची ओळ होती: 'माझा कामाचा शेवटचा दिवस'. पुढे तारीख नव्हती.