काचेआडचं ऊन

भानुमती वर्तक दिल्लीतल्या एका कॉलेजात तीस-एक वर्षं मानववंशशास्त्र शिकवत होत्या. दर जुलैला नवी बॅच आली की त्या पहिल्याच तासाला सगळ्यांना बाही वर करायला लावत. "दंडाच्या आतली बाजू बघा. तिथं ऊन लागत नाही. तो तुमचा जन्माचा रंग. बाकी सगळी उन्हाची उधारी." पोरं हसायची आणि मग शेजाऱ्याच्या दंडाशी आपला दंड लावून बघायची.

स्वतः बाई काळ्या. सावळ्या वगैरे नाही, चांगल्या काळ्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या तेव्हा त्यांची आई त्यांना दुपारी अंगणात जाऊ द्यायची नाही. बाकीच्या पोरी लंगडी खेळायच्या आणि ही खिडकीत. का, तर आणखी काळी पडली तर करून घेईल कोण? पुढं वर्तकांच्या गोऱ्यापान घरात त्या पडल्या, नवरा भला निघाला, पण ती खिडकी काही मनातून गेली नाही. हा विषय त्यांनी का निवडला ते एवढ्यावरून कळतं बघा.

वर्गात त्या ही गोष्ट अशी सांगायच्या: माणसाच्या अंगावरचे केस गेले तेव्हा तो आफ्रिकेच्या उन्हात उघडा पडला. कातडीतलं मेलॅनिन म्हणजे त्याची छत्री. त्या छत्रीनं रक्तातलं फोलेट नावाचं जीवनसत्त्व वाचवलं, आणि फोलेट वाचलं म्हणून गर्भ धड वाढले. मग माणसं उत्तरेकडं गेली. तिथं ऊन दुबळं, आणि हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व तर कातडी उन्हातल्या अतिनील किरणांवरच बनवते. गडद छत्री तिथं आड यायला लागली. ज्यांची कातडी फिकी त्यांची हाडं बरी, त्यांची मुलं जास्त जगली. हजारो वर्षांत रंग उतरला, आणि तोही एकदाच नाही, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी. "यात कुणाची अब्रू नाही आणि कुणाचा पराक्रम नाही," त्या म्हणायच्या. "ऊन आणि हाडं, एवढाच हिशेब."

निवृत्त झाल्या आणि मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये नात आली. उत्तरा. मुलगा सुधन्वा बापासारखा गोरा, सून संपदा गव्हाळ, आणि पोर थेट आजीवर गेलेली. संपदाची आई बाळ बघायला आली तेव्हा म्हणाली, "अच्छा, आजीवर गेलीय," आणि गप्प झाली. भानुमतीबाईंनी ते गप्प होणं ऐकलं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, या पोरीला कुणी उन्हापासून लपवणार नाही.

हॉस्पिटलातून येताना ड जीवनसत्त्वाचे थेंब दिले होते, रोज पाजायला. थोडे दिवस संपदानं पाजले. मग भानुमतीबाई म्हणाल्या, "अगं, आपलं कातडं उन्हासाठीच घडलंय. उन्हाच्या देशात बाटलीतलं कशाला? मी घेऊन बसते ना तिला उन्हात." ज्या बाईनं जन्मभर हेच शिकवलं, तिच्यापुढं संपदा काय बोलणार? बाटली कपाटात गेली. संपदा पुन्हा गुरुग्रामला ऑफिसला जायला लागली, पूर्वीसारखीच अंधारात निघायची आणि अंधारात यायची. आणि आजी रोज सकाळी तेल लावलेलं बाळ मांडीवर घेऊन बाल्कनीत बसायची.

नोव्हेंबरात दिल्लीची हवा नेहमीसारखी राखाडी झाली. बाळाच्या छातीला त्रास नको म्हणून भानुमतीबाईंनीच मुलाच्या मागं लागून बाल्कनीला काचा बसवून घेतल्या. ऊन आत येत होतं, ऊब लागत होती, बाळ डोळे मिचकावत होतं. अजून काय पाहिजे?

जानेवारीच्या एका सकाळी, त्याच खुर्चीत, उत्तराचे हात ताठ झाले, डोळे वर गेले आणि अंग झटके द्यायला लागलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत भानुमतीबाई फक्त तिचं नाव घेत होत्या.

डॉक्टर इशिता शांत बाई होती. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर झटके थांबले. रिपोर्ट आले तशी ती बाहेर येऊन हिंदीत बोलली: बाळाचं कॅल्शियम फार खाली गेलंय, कारण ड जीवनसत्त्व जवळपास नाहीच. आईचं पण तपासलं, तिचंही तसंच, म्हणजे पोटात असतानाच बाळाला पुरेसं मिळालेलं नाही. अंगावरच्या दुधातूनही फारसं मिळत नसतं. "थेंब चालू होते ना?"

संपदानं सासूकडं पाहिलं.

"माँ जी, उन्हात नेत होता?"

"रोज," भानुमतीबाई म्हणाल्या. "तास-तासभर."

"कुठे?"

"बाल्कनीत. काचेच्या..."

आणि त्या तिथंच थांबल्या. काच ऊब सोडते, उजेड सोडते. ड जीवनसत्त्व बनवणारा किरण तेवढा अडवते. हे त्यांनी कितीदा वर्गात सांगितलं होतं! शिवाय दिल्लीचं थंडीतलं सकाळचं ऊन, सूर्य खाली, वर ही हवा, आणि काळ्या कातडीला तर जास्त वेळ ऊन लागतं. सगळं ठाऊक होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरीला त्यांनीही खिडकीतच बसवलं होतं, त्यांच्या आईनं त्यांना बसवलं तसं.

"थेंब मी बंद करायला लावले," त्या डॉक्टरला म्हणाल्या. मग संपदाकडं वळल्या. "तुझी काही चूक नाही. माझ्या शहाणपणानं घात केला."

संपदानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "मला फक्त आत्ता ती हवीय, आई," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

उत्तरा वाचली. औषध सुरू झालं, दिवसागणिक पोर तरतरीत झाली. पण घरात एक गोष्ट बदलली. थेंब संपदा स्वतः पाजायची आणि बाटली तिच्या खोलीत असायची. सासूशी वाकडं बोलली नाही, चहा विचारायची, पण बाळ उन्हात द्यायची नाही. भानुमतीबाईंनी मागितलंही नाही. बाल्कनीतली खुर्ची रिकामी राहिली. जन्मभराचा विषय आणि एकुलती एक नात, दोन्ही एकदमच हातातून गेल्यासारखं त्यांना वाटायचं, आणि रागवायला स्वतःखेरीज कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत हवा निवळली. एका रविवारी दुपारी संपदा त्यांच्या खोलीत आली. एका हातात उत्तरा, दुसऱ्या हातात बाटली.

"आई, आजचे थेंब तुम्ही पाजा. मग खाली जाऊ. डॉक्टर म्हणाल्या, थेंब सोडायचे नाहीत, पण थोडं ऊन चालेल." थांबून म्हणाली, "किती वेळ आणि कधी, ते मला कळत नाही. तुम्हाला कळतं."

भानुमतीबाईंनी थेंब मोजून पाजले, एकही सांडला नाही.

खाली सोसायटीच्या बागेत आया-आज्या पाठी शेकत बसल्या होत्या. "ही बघ," भानुमतीबाई हळूच म्हणाल्या, "आपली सावली आता आपल्यापेक्षा लांब नाही. डिसेंबरात इथं भर दुपारीही लांबच असते. सावली आखूड झाली की उन्हात जोर आला समजायचं. पण थोडाच वेळ हं. डोकं झाकू, हातपाय उघडे ठेवू."

शेजारच्या बाकावरच्या बाईंनी मान वळवली. "अरे, धूप में मत रखो. काली हो जाएगी बच्ची."

भानुमतीबाईंनी तोंड उघडलं. तीस वर्षांचं लेक्चर जिभेवर होतं. पण आता कुठल्या तोंडानं शिकवायचं?

संपदानं उत्तराच्या झबल्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि पोर सासूच्या मांडीवर ठेवली.

"काली ही है, आंटी," ती म्हणाली. "दादी पे गई है."