बारटक्के बाई आणि बोळाचं नाव

बारटक्के बाई इंजिनिअरच्या पेढ्यांना भुलल्या, ही बातमी आमच्या गावात सकाळी सलूनमध्ये जन्मली आणि दुपारच्या आत बाजारपेठ फिरून आली. तिला पाय फुटले ते माझ्यामुळेच, हे आता लपवण्यात अर्थ नाही. इंजिनिअर निंबाळकर, नगरपालिकेच्या पाणीखात्याचा, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन बाईंच्या फाटकातून आत जाताना मी स्वतः पाहिला. डोळे मिटून घेण्याचा माझा स्वभाव नाही.

बाई म्हणजे शकुंतला बारटक्के. तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. ज्याला वर्तमानपत्रात तक्रार छापून आणायची असेल त्यानं कागद घेऊन बाईंच्या ओसरीवर जायचं, हा गावाचा रिवाज. गटार असो, दिवे असोत, मोकाट डुकरं असोत. बाई लाल पेन घेऊन बसायच्या. नागरीकची री ऱ्हस्व व्हायची, दुषीतचा दु दीर्घ व्हायचा आणि षी ऱ्हस्व. मग विषय, मायना, खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर. "नावपत्ता नसेल तर संपादक केराच्या टोपलीत टाकतात. आणि दीडशे शब्दांच्या वर एक शब्द नको," असं प्रत्येकाला बजावायच्या. पैसे घेत नसत. उलट चुका फार असतील तर बोलणी मात्र भरपूर खायला मिळत.

त्या मार्चात कस्तुरा धोत्रे आली. बसस्टँडमागे भाकरी केंद्र चालवते ती. बाई तिला तिसरीपासून ओळखत होत्या, म्हणजे तिचं अक्षर ओळखत होत्या.

"काय गं, अजून कोंबडीचे पायच काढतेस?"

"बाई, अक्षराचं सोडा. नळाला गटाराचा वास येतोय. लेक वर्षा बाळंतपणाला आलीय, आठवा महिना. पाणीखात्यात तीनदा अर्ज दिला. फिटर येतो दुपारी बारा वाजता. तेव्हा नळाला पाणीच नसतं! हुंगतो कोरडी तोटी आणि जातो."

"मग कधी येतो वास?"

"सकाळी साडेपाचला पाणी सुटतं ना, तेव्हाची पहिली दहा मिनिटं. काळं पाणी. मग आपोआप साफ होतं."

रात्रभर नळ रिकामा असतो. पाइपाला कुठं भोक असलं, की शेजारचं गटाराचं पाणी त्यात झिरपून बसतं आणि पाणी सुटलं की तेच आधी बाहेर पडतं. कस्तुराला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती रोज बादली लावत होती, एवढंच.

बाईंनी कागद वाचला, लाल केला, स्वच्छ अक्षरात उतरवून दिला. आठव्या दिवशी छापून आला. कस्तुरानं खालचं आपलं नाव तेवढं वाचलं आणि तो अंक भाकरी केंद्राच्या काचेला आतून चिकटवला. वर्षाला म्हणाली, "आता बघ, दोन दिवसांत खणतील."

खणलं कुणी नाही. दहा दिवसांनी त्याच सदरात नगरपालिकेचा खुलासा आला: सिद्धेश्वर पथावर सकाळी साडेपाचला जाऊन पाण्याचे नमुने घेतले, क्लोरीनचं प्रमाण योग्य आढळलं, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

"सिद्धेश्वर पथ?" कस्तुरानं दुकानातच आरडाओरडा केला. "हा कुठला मेला पथ? माझ्या पत्रात हा शब्दच नव्हता!"

नव्हताच. कस्तुरानं लिहिलं होतं 'मुतारी बोळ'. अख्खं गाव त्याला तेच म्हणतं. रिक्षावाले तेच म्हणतात, पोस्टमन तेच म्हणतो. सिद्धेश्वर पथ हे त्याचं नाव फक्त घरपट्टीच्या पावतीवर. आणि दुसरा एक सिद्धेश्वर पथ नव्या वसाहतीत आहे, बंगल्यांचा, मोठी पाटी असलेला. पाणीखात्याची माणसं तिथं जाऊन गोड पाणी बाटलीत भरून आली होती.

पत्र छापून आलं त्याच आठवड्यात पेढ्यांचा पुडा आत गेला होता. निंबाळकर बाईंचा जुना विद्यार्थी. मी सलूनमध्ये फक्त एवढंच म्हणालो, "पत्त्याची चूक आणि बाईंकडून? तेहतीस वर्षांत न झालेली?" बाकीचं न्हाव्यानं पूर्ण केलं.

दोन दिवसांनी वर्षाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीण म्हणाली, पोटातल्या बाळाचे ठोके नीट आहेत, पण अंगातलं पाणी पुन्हा असं कमी झालं तर मी काही सांगू शकत नाही. कस्तुरा दवाखान्यातून थेट बाईंच्या ओसरीवर आली. मी शेजारच्या कठड्यावरच होतो. असावंच लागतं कुणीतरी.

"किती पेढे होते, बाई? किलो का अर्धा?"

"काय बोलतेस तू?"

"गाव बोलतंय. बोळाचं नाव तुम्हीच बदललं ना?"

बाईंचा चेहरा उतरला. "बदललं," एवढंच म्हणाल्या. का, ते सांगेनात. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, परत काढला. मग विचारलं, "वर्षा कशी आहे?"

"सलाइनवर."

बाई उठल्या, चपला घातल्या आणि थेट दवाखान्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या मुतारी बोळात उभ्या होत्या, कस्तुराच्या नळापुढं, नाकाला रुमाल न लावता. काळं पाणी आलं. त्यांनी ते काचेच्या बरणीत भरून घेतलं आणि तिथंच पायरीवर बसून म्हणाल्या, "लिही. बोलतेस तसं. मी फक्त वेलांट्या बघीन."

"मुतारी लिहू?"

"लिही म्हटलं ना!"

"आणि माझ्या लेकीला सलाइन लागलं, तेपण?"

"तेपण. तारीख घाल. तीन अर्जांच्या तारखासुद्धा घाल. आणि शेजारच्या चार घरांच्या सह्या घे, एकटीची तक्रार म्हणून बाजूला ठेवतात."

शब्द एकशे साठ झाले. बाईंनी स्वतःचा मायना कापला, 'महोदय' ठेवला, बाकीचं जसंच्या तसं. मग पत्राची एक प्रत आणि बरणी घेऊन त्या निंबाळकरच्या कचेरीत गेल्या आणि दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवल्या. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, आणि ही खंत मला अजून आहे. बाहेर आल्या तेव्हा शिपाई भिंतीला चिकटून उभा होता.

पत्र छापून आलं त्याच सकाळी साडेपाचला फिटर हजर, दुपारी बाराला येणारा नव्हे, दुसराच. "मुतारी बोळ म्हणायचं ना आधीच! चार दिवस मी त्या पथावर बंगल्यांच्या कुत्र्यांना घाबरत फिरलो," असं पुटपुटत त्यानं खणायला घेतलं. कस्तुराच्या घरापासून दहा पावलांवर पाण्याचा लोखंडी पाइप गटाराच्या आतूनच गेला होता, गंजून चाळण झालेला. दोन दिवसांत नवा टाकला, गटाराच्या वरून. तोवर बाईंनी दवाखान्यात स्वतःच्या घरचं उकळलेलं पाणी पोचवलं, रोज दोन कळशा, सत्तरीच्या वयात, रिक्षानं.

वर्षा नवव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी. दोघी ठणठणीत.

पेढ्यांची गोष्ट मात्र गावातून गेली नाही. बाईंच्या ओसरीवर कागद घेऊन येणारे निम्मे झाले. जे येतात ते आधी पत्ता दोनदा वाचून घेतात. कस्तुरा सलूनपाशी येऊन मला चार शिव्या देऊन गेली, त्या मी घेतल्या.

निंबाळकरला बढती मिळाली होती, त्याचे ते पेढे होते. पाव किलो. पत्र त्याच्या आठवडाभर आधीच टपालात पडलं होतं. बोळाचं नाव बाईंनी बदललं, कारण 'मुतारी' हा शब्द आपल्या हाताखालून वर्तमानपत्रात जावा याची त्यांना लाज वाटली.