धण्याजिऱ्याचं पाणी आणि म्हातारी कुत्री

कुत्रीचं दुखणं विकोपाला गेलं, त्या दिवशी मी ती बरी झाली म्हणून शिरा केला होता. साजूक तुपातला, बेदाणे घालून. हॅम्बर्गमध्ये रवा भाजायला घेतला की धुराचा अलार्म आधी कौतुक करतो, म्हणून खिडक्या उघड्या टाकून केला.

तेव्हा मी साठीची नवतरुणी होते आणि मला सगळं कळत होतं. लेक-जावई कामासाठी ड्युसेलडॉर्फला गेले होते आणि त्यांची दहा वर्षांची डाकेल जातीची कुत्री, आखूड पायांची, लांबुडकी, माझ्या हवाली होती. तिचं ऑपरेशन करून गर्भाशय काढलेलं नव्हतं. इकडे कारणाशिवाय ते करत नाहीत. लेकीने एकदा विषय काढला होता, तर मी म्हणाले होते, माझं कुणी काढलं का? विषय संपला.

कुत्रीची पाळी होऊन महिना उलटून गेला होता, तरी तिला परत तांबूस, घाण वासाचं जाऊ लागलं. सारखी मागे चाटत बसे. जेवण अर्धं टाकी. मी निदान केलं: उष्णता. भांड्यात धण्याजिऱ्याचं पाणी ठेवलं आणि ती ते घटाघटा प्यायली. भांडं भरावं, तिने रिकामं करावं, मग मला खाली बागेत पळवावं. माझ्या औषधाचा हा गुण बघून मी मनोमन स्वतःची पाठ थोपटली. चार-पाच दिवसांत जाणं पार थांबलं. लेकीला फोन करून सांगितलं, तुमच्या डॉक्टरला जमलं नसतं ते आईने केलं. मग शिरा.

शिऱ्याकडे कुत्रीने ढुंकूनही पाहिलं नाही. तिला उचलून जिना उतरत होते, तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, पिल्लं कधी व्हायची? मी कुत्रीला खाली ठेवून तिच्या पोटाकडे पाहिलं. ते टम्म फुगलं होतं. एवढ्यात ती माझ्या बुटांवर ओकली आणि पाय पसरून तिथेच आडवी झाली. त्याच बाईंनी गाडी काढली.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, पोटाची सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. शेवटची पाळी कधी, पाणी किती पिते, असं विचारत गेल्या. मी अभिमानाने म्हणाले, भरपूर पिते, मीच सवय लावली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं.

पडद्यावर काळ्या, फुगलेल्या नळ्या दिसत होत्या. तिचं गर्भाशय पुवाने भरलं होतं. पाळीनंतर काही आठवड्यांनी म्हाताऱ्या कुत्र्यांना हे होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गर्भाशयाचं तोंड उघडं असलं की पू बाहेर येतो, निदान कळतं तरी. तोंड मिटलं की तो आतच कोंडतो, पोट फुगतं, विष रक्तात उतरतं, गर्भाशय फुटूही शकतं. म्हणजे मी ज्याला गुण म्हणत होते, ते दार लागलं होतं. तहानही त्या विषाचीच, ते मूत्रपिंडाला पाणी धरू देत नाही. धण्याजिऱ्याचा वाटा शून्य.

रक्तात पांढऱ्या पेशी कितीतरी वाढल्या होत्या, त्यांत अर्धवट पिकलेल्याही. म्हणजे शरीर हाताशी येईल त्याला लढायला धाडत होतं. क्रिएटिनिन चढलं होतं, मूत्रपिंडावर ताण होता. मी विचारलं, गोळ्यांनी नाही का भागणार? या वयात भूल म्हणजे…

"भुलीची भीती मलाही आहे," बाई म्हणाल्या. "पण नुसत्या गोळ्यांनी ती वाचणार नाही. तोंड उघडवणारी इंजेक्शनं असतात, ती तरण्या, पिल्लं हवी असलेल्या कुत्रीला. हिचं गर्भाशय काढायलाच हवं. आधी सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन रक्तदाब सावरते, मग लगेच टेबलावर घेते. टेबलावर ती दगावूही शकते, हे मी आत्ताच सांगून ठेवते."

लेकीला फोन केला. तिने परवानगी दिली आणि परतीच्या गाडीचं तिकीट काढलं. मी बाकावर बसून राहिले. शेजारी एक आजोबा पिंजऱ्यात ससा घेऊन बसले होते, त्यांनी मला पेपरमिंटची गोळी दिली. तीही मी औषधासारखी चघळली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गर्भाशय न फुटता निघालं होतं. कुत्री शुद्धीवर येत होती, पण मूत्रपिंडं सावरतात का ते पुन्हा रक्त तपासल्यावरच कळेल, म्हणून तिला सलाइनवर तिथेच ठेवलं. दुसऱ्या तपासणीत क्रिएटिनिन उतरलं आणि ती टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून घरी आली, दाराच्या चौकटींना आपटत.

लेक तोवर परतली होती. मी म्हणाले, आता बघ कशी टवटवीत दिसते, उद्यापासून मऊ भात दे. लेकीने नरसाळं सरळ केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, कुत्री बरी झाली की नाही, ते पुढच्या वेळी कुत्रीलाच ठरवू दे."