बांबूंवरची लाल फडकी

मोजणीताई चिडली की पेन्सिलींना टोकं काढत बसायची. त्या सकाळी तिने तीन पेन्सिलींचा भुगा पाडला.

जुन्या अवशेषांच्या जागेवर मोजमापं घेण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तिथला दगड न् दगड तिला तोंडपाठ. आता शेजारी पर्यटकांसाठी माहिती केंद्र व्हायचं होतं. ते कसं असावं, याच्या अटींचा मसुदा ताईनेच लिहिला होता. पाया खणायचा नाही. जमिनीवर जाड कापड, त्यावर खडी, वर बोल्टांनी जोडलेला सांगाडा. उद्या उचलून नेला तर खालची माती जशीच्या तशी. भोंगे नकोत, झगमगाट नको. उंची चार मीटर, वर बोटभरही नाही, म्हणजे इमारत पडक्या भिंतीआड झाकलेली राहील.

पर्यटन खात्याच्या साहेबांना हवे होते दोन मजले, वर काचेची गच्ची. "लांबून दिसलं पाहिजे हो!" दुपारी समिती येऊन मसुद्यावर सह्या करणार होती. अटी आज सुटल्या की कायमच्या सुटल्या.

"कागदावर किती भांडायचं?" ताई रखवालदाराला म्हणाली. "काका, चार बांबू आणा. खड्डे नकोत हं, दगड भरलेल्या डब्यांत उभे करा." चार कोपरे, चार मीटरवर लाल फडकी. इमारत भिंतीवर डोकावते का ते डोळ्यांनीच बघा म्हणावं!

समिती मुख्य दाराच्या वरच्या पायरीवर थांबली आणि ताईने समोर पाहिलं. पडक्या भिंतीच्या डोक्यावर चारही फडकी दिमाखात फडफडत होती. तिने नजरेची रेषा खालच्या अंगणातून मोजली होती. माणसं मात्र थांबतात ती वरच्या पायरीवर! बावीस वर्षं बघत आली होती ती, तरी चुकली.

साहेब खूश. "तुमचीच इमारत दिसतेय की! मग दोन मजल्यांनी काय बिघडतं?"

ताईचे कान लाल झाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण गप्प बसेल तर ती मोजणीताई कसली?

"चुकले मी. म्हणून चूक दुप्पट करायची? रस्त्यासाठी माती उपसलेला तो खळगा आहे ना खाली, तिथे न्या. ती जमीन आधीच उकरलेली, पाणीही पलीकडे वाहून जातं."

"दोनशे पावलं! म्हाताऱ्यांनी चालायचं कसं?"

"माझी आई काठी टेकत येते, साहेब. तिला चढता येईल एवढाच उतार ठेवू, मध्ये बाकं टाकू."

तिने मसुद्यातली स्वतःची उंचीची ओळ खोडली. 'वरच्या पायरीवरून काहीही दिसता कामा नये,' असं लिहिलं आणि काकांच्या बरोबरीने स्वतः बांबू उचलून खळग्याकडे नेले.

अर्ध्या तासाने धापा टाकत ती परत पायरीवर आली. साहेब भिंतीकडे बघत होते.

"काकांनी बांबू उभे केले नाहीत का अजून?"

"केलेत, साहेब. चारही."

साहेबांनी टाचा उंचावून पाहिलं. समोर भिंत होती, वर मोकळं आभाळ.

"अहो, पण मग तुमचं एवढं काम कुणाला दिसणारच नाही."

"नाहीच दिसणार," ताई म्हणाली. सहीसाठी पेन तिने आधीच पुढे केलं होतं.