पानकाचा पेला

बहिणीच्या लग्नात भावानं बोलायची आमच्यात कुठली आलीय रीत? तंजावरकडून आलेली आमची मराठी माणसं मंगळसूत्र बांधलं की सरळ जेवायच्या पानाकडे वळतात. पण नवरा मुलगा टोरांटोत नोकरीला. तिकडच्या लग्नांत टोस्ट असतो, म्हणजे पेला उंचावून जोडप्यासाठी चार शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी प्यायचं. तो तिला फार आवडलेला. "अण्णा, तू बोलायचंस. दोन मिनिटं. आणि रडायचं नाही," एवढं सांगून ती मोकळी झाली.

रडायचं नाही हीच खरी कसोटी होती. आई-बाबा गेल्यापासून चेन्नईतल्या मैलापूरच्या घरात आम्ही दोघंच. मराठी बोलायला मला ती आणि तिला मी. रिसेप्शननंतर चार दिवसांनी तिचं विमान होतं. मी माइकवर फुटलो असतो, तर हा भाऊ मागं कसा राहणार या काळजीतच ती विमानात बसली असती.

टोस्ट म्हटल्यावर मुलाच्या मामांचा चेहरा पडला. "हॉलमध्ये ड्रिंक्स चालत नाहीत," ते मला बाजूला घेऊन तमिळमध्ये म्हणाले. म्हटलं, मामा, आमच्या सात पिढ्यांत कुणी प्यायलेलं नाही, मी काय आजपासून सुरू करू? पानक आहे. गूळ, सुंठ, वेलची आणि लिंबू. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण चेन्नईचं रिसेप्शन म्हणजे रांग. स्टेजवर चढा, पाकीट द्या, फोटो काढा, खाली जेवायला पळा. त्यात माणसांना थांबवणार कसं? म्हणून आधी वाढप्यांना सांगितलं: पेले अर्धेच भरा, सगळ्यांच्या हातात पोचले की मला खूण करा. आधी बोलून मग पेले वाटले की बोललेलं सगळं थंड होतं. रांग जरा थोपवली, गाणाऱ्याकडून माइक घेतला. म्हाताऱ्यांना उठवलं नाही. बोललो तमिळमध्ये, ते असं:

"नमस्कार. मी नवरीचा मोठा भाऊ. लहानपणी मला कांजिण्या आल्या. आईनं मला कोपऱ्यातली चटई दिली, पेला वेगळा केला. ही पाच वर्षांची. आईची पाठ वळताच माझ्या पेल्याला तोंड लावून पाणी प्यायली. का? तर अण्णा एकटा पडलाय, मलाही येऊ देत. आल्या, पण मी बरा होऊन शाळेत जायला लागल्यावर! मग शाळा सुटली की मी तिच्या चटईपाशी बसायचो. मापिळ्ळै, जावईबापू, सांभाळा. ही तुम्हाला आजारपणातही एकटं सोडणार नाही. तुम्हीही तिला सोडू नका. आता सगळ्यांनी पेला उचला. या दोघांसाठी!"

हसले लोक. इथवर आवाज धड राहिला. शेवटचं वाक्य मराठीत होतं, फक्त तिच्यासाठी: "सुखानं राहा, बाळ." त्यातल्या 'बाळ'वर आवाज चिरकला. झालं, आता सगळ्यांसमोर शोभा होणार, असं मला वाटलं.

मोबाइलवर टोस्ट बघून बघून मी ठरवलं होतं की पेला उचलायचा, बोलायचं, एक घोट घ्यायचा आणि हसत सगळ्यांकडे बघायचं. पण आपली माणसं पेल्याला ओठ लावत नाहीत हे काही मला सुचलं नव्हतं. उष्टं होतं ना! अख्ख्या हॉलनं माना मागं टाकल्या आणि पेले उंच धरून वरून धार तोंडात सोडली. मामा, मावश्या, शेजारपाजारचे, सगळे छताकडे बघत होते. मी काय करतोय ते बघायला कुणीच नव्हतं. मी रडून घेतलं.

बघत होती ती एकटीच. आईनं लहानपणापासून किती ओरडून सांगितलं, तरी ही पेल्याला तोंड लावूनच पिते. पेल्याच्या कडेवरून तिचे डोळे माझ्यावर होते. ती रागावली नाही. स्टेजच्या कडेला येऊन तिनं तिचा उरलेला पेला माझ्यापुढे धरला. मी ओठ लावून प्यालो. सुंठ जास्त झाली होती. तोवर माना खाली आल्या, रांग पुन्हा सुरू झाली.

ती गेली त्याला आता बरेच महिने झाले. रविवारी फोनवर मराठी होते, बाकी आठवडा तमिळ. घरात उष्टं म्हणायला दुसरं कुणी नाही, कुठल्याही पेल्याला खुशाल तोंड लावावं. तरी मी वरूनच पितो. आणि तिचा पेला धुऊन वेगळा ठेवतो.