मोगऱ्याचा उपास

मोगऱ्याला मी चोरून पाणी घातलं. तेही ऐन मार्गशीर्षात, आणि वर शेंगदाण्याच्या पेंडीचं. हे वाचून बागकाम करणाऱ्या बायका कपाळाला हात लावतील, बाकीच्यांना वाटेल, बिचारीने झाडाला पाणीच तर घातलं. मलाही तसंच वाटलं होतं.

मोगरा माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. त्यांची ठाण्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याच्या घराला ऊन लागेल अशी बाल्कनीच नव्हती. म्हणून पाऊस संपता संपता टेम्पोतून सगळ्या कुंड्या डोंबिवलीत माझ्याकडे आल्या. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. हाताला काम नाही आणि अंगात ऑफिसची घाई तशीच. आमचे हे म्हणायचे, तू बसलेली असतेस तेव्हासुद्धा कुठेतरी निघालेली दिसतेस.

जाऊबाईंनी फोनवरून अख्ख्या वर्षाचं वेळापत्रक सांगितलं आणि मी ते फ्रिजवर चिकटवलं. नवरात्र झालं की गुलाब छाटायचा. मार्गशीर्षात मोगऱ्याचं पाणी तोडायचं, फांद्या सुरकुतायला लागल्या तरच घोटभर. पानं गळू द्यायची. पौषात छाटणी, मग माती उकरून शेणखत, मग हळूहळू पाणी वाढवायचं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी. पावसाळ्यात कुंडीखालच्या थाळ्या काढायच्या आणि खत बंद, कारण ते वाहूनच जातं.

गुलाब मी छाटला, अगदी मापात. मार्गशीर्षापर्यंत माझ्यासारखी शहाणी मीच. मग मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यासमोर उभी. माती बोटाने उकरून बघायची, पुन्हा दाबायची, कुंडी जरा फिरवायची, तासाभराने होती तशी ठेवायची. जाऊबाईंच्या जुन्या घरातलं जिवंत असं या कुंड्यांपुरतंच उरलं होतं आणि त्यातला मोगरा माझ्या हातून वाळत होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्या याच मोगऱ्याचे गजरे करून सवाष्णींना द्यायच्या. भाड्याच्या घरातही गौर बसवणार, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

शेवटी एका दुपारी तांब्याभर पाणी ओतलं. दोन दिवसांनी पुन्हा. मग पेंड भिजवून तिचं पाणी. झाड असं तरारलं की पौषात कात्री हातात घेऊनही मला एक फांदी कापवेना. कोवळी, चकचकीत पानं! शेजारणींना बोलावून दाखवत होते मी.

होळी झाली तरी कळी नाही. मी हौसेने जाऊबाईंना फोन केला, वहिनी, तुमचं झाड काय सुरेख झालंय म्हणून सांगू! पलीकडून त्यांनी शांतपणे विचारलं, “पानं किती गळली होती?”

“एकसुद्धा नाही,” मी अभिमानाने म्हटलं.

मग तांब्यापासून पेंडीपर्यंत सगळं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मोगऱ्याला उपास घडल्याशिवाय तो फुलत नाही आणि पेंडीने नुसती पानं वाढतात, एवढं सांगून म्हणाल्या, आजच्या आज छाट. वरचा तिसरा हिस्सा काप, उरलेली पानं ओरबाड, वरची माती वाळू दे, मग शेणखत घाल आणि कुंडी उन्हात ठेव. हळदीकुंकू मी अक्षय्यतृतीयेवर ढकलते.

त्यानंतरचे आठवडे मी घरात टिकले नाही. आठ दिवस पाणी घालायचं नव्हतं, म्हणून मी जिने चढउतर करत होते. विकतच्या कळ्या आणून आपल्याच म्हणून खपवाव्यात, असाही विचार केला. मंडईत भावही विचारून आले.

कळ्या आल्या, पण उशिरा आणि मोजक्या. अक्षय्यतृतीयेला सकाळी मी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठाण्याला नेल्या. जाऊबाईंनी फडकं उलगडलं. गजरे होण्यासारखं काही नव्हतंच. त्यांनी एक लहानशी वेणी ओवून गौरीला वाहिली आणि संध्याकाळी उरलेली एकेक कळी पन्हं-डाळीबरोबर प्रत्येकीच्या हातावर ठेवली. बायका ती एक कळी पुन्हा पुन्हा हुंगत होत्या. सगळ्या गेल्यावर जाऊबाईंनी मला जवळ बसवलं. माझी बोटं तेव्हाही पदराच्या टोकाशी चाळा करत होती. ती त्यांनी आपल्या मुठीत घट्ट धरली आणि म्हणाल्या,

“येत्या मार्गशीर्षात मी तुझ्याकडेच राहायला येते. पाणी काय, कोणीही तोडेल गं. तुझे हात धरून ठेवायला माणूस लागतो.”