बाबांच्या डाव्या हाताचे गुलाबजाम

बाबा लग्नांत जेवणं रांधायचे. अंधेरीच्या आमच्या वाडीत त्यांच्या गुलाबजामांचं नाव होतं, पण कृती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, आईलाही नाही. पन्नासच्या दशकातल्या त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. पौषात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शेजारच्या घरातल्या मुलीच्या लग्नाचं काम मात्र त्यांनी आधीच घेतलेलं होतं.

"दुसरा आचारी बघतो आम्ही," मुलीचे वडील सांगायला आले.

"गुलाबजाम आम्ही करू. बाकीचं तुम्ही बघा," आई म्हणाली. ते गेल्यावर मी तिला विचारलं, "तुला येतात?" ती उठून परात घासायला लागली.

लग्नाच्या सकाळी उजाडता उजाडता जोगेश्वरीच्या तबेल्यातून खवा आला. मागच्या अंगणात चूल पेटवली. आईने खव्यात मैदा कसाबसा कालवला, मी गोळे वळले. तूप चांगलं कडकडीत तापवलं. गोळे पडताच मिनिटभरात तांबूस झाले आणि आम्हाला वाटलं, जमलं. ते झाऱ्याने काढून उकळत्या पाकात सोडले. तासाभराने एक फोडला, तर आत सुपारीएवढी पांढरी, कोरडी गाठ. दुसरा फोडला, तोही तसाच.

अर्धा खवा संपला होता. पंगत दुपारी बसायची होती आणि गुलाबजाम मुरायला निदान दोन तास तरी लागतात, एवढं मला माहीत होतं. आई पाटावर बसून राहिली. "काय तोंड दाखवायचं गं आता," ती इतक्या हळू म्हणाली की मला रडूच आलं.

मी घरात गेले. बाबा खाटेवर पडून छताकडे बघत होते. फोडलेला गुलाबजाम मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आधी त्या गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, त्याचा शब्द काही झाला नाही. मग ते डावा हात खाटेवर आपटू लागले. मला वाटलं रागावले. पण मग त्यांनी अंगणाच्या दाराकडे बोट केलं; ते बाहेर न्या म्हणत होते.

आई नि मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून चुलीशी आणलं. मी परातीत उरलेला खवा घेतला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळव्याचा मनगटाकडचा भाग खव्यावर दाबून पुढे सारला. परत मागे, परत पुढे. कण हाताला लागायचे थांबेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. खवा लोण्यासारखा गुळगुळीत झाला तेव्हा चाळलेला मैदा आणि चिमूटभर सोडा घालू दिला, दुधाचा हबका मारू दिला. त्यानंतर मी जोरात मळायला लागले, तर माझ्या हातावर त्यांनी चापट मारली. मैदा पडल्यावर नुसतं हलक्या हाताने गोळा करायचं होतं. गोळ्यांना एकही चीर दिसली की ते बोट लावून परत वळायला लावत.

मग त्यांनी चुलीकडे बोट केलं. "लाकडं काढा म्हणतायत," आई म्हणाली. तिने दोन ओंडके बाहेर ओढले. तूप जरा निवेपर्यंत बाबा थांबले, आम्हालाही थांबवलं. मला तर एकेक क्षण जड जात होता. मांडवातून सनई ऐकू येऊ लागली होती.

एक गोळा सोडला. तो तळाशी जाऊन बसला. आई हळहळली, "हाही गेला." बाबांनी 'नाही' अशी मान हलवली. थोड्या वेळाने गोळा रंग न बदलता, सावकाश वर आला. मग बाकीचे सोडले. मी झारा गोळ्यांना न लावता तूपच गोल ढवळत राहिले, गोळे आपोआप फिरत राहिले, आणि हळूहळू सगळीकडून सारखा रंग चढला.

आमचा पाक एकतारी होऊन बसला होता. बाबांनी डाव्या हाताचं बोट बुडवलं, चिमटीत ताणून पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली. आईने त्यात गरम पाणी घालून एक उकळी दिली. आता तार येईना, नुसता चिकटपणा उरला. तरी भांडं उतरवून बोट सोसेल इतकं कोमट होईपर्यंत त्यांनी गुलाबजाम घालू दिले नाहीत.

दोन तासांनी मी एक फोडला. बोटाने दाबताच तो दुभंगला, आत मध्यापर्यंत पाक. आई बघत राहिली, मग पदराने डोळे पुसले. वाढायला पुरले, पण जेमतेम. आमच्या वाट्याला एक आला.

बाबांना परत खाटेवर निजवल्यावर तो मी त्यांना कुस्करून भरवायला गेले. त्यांनी ओठ मिटून घेतले. आईनेही विनवलं, "अहो, घ्या ना थोडा." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच काही शिकवलं होतं, आणि त्याचं त्यांना काय वाटतंय हे विचारायची सोयच उरली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्याआधी आईने आणखी चार लग्नांचे गुलाबजाम केले. दर वेळी ती त्यांना खुर्चीवर बसवून चुलीपाशी न्यायची, आणि ते काही खूण करत नसतानाही थांबून त्यांच्याकडे बघायची.